पॅनिकचा जुना त्रास असलेल्या माणसाची छाती जिना चढताना आवळते: टेन्शन समजायचं की हृदय?

उचगावकर_सुनंदा (सकाळी १०:२०)

नमस्कार. दाजींबद्दल विचारायचं आहे. वय ४७, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्ट सुपरवायझर. दोन वर्षांपूर्वी रात्री झोपेतून दचकून उठायचे. छाती आवळायची, श्वास पुरत नाही म्हणायचे, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या यायच्या. दोनदा रात्री दवाखान्यात नेलं. ईसीजीचा ग्राफ आणि टूडी इको दोन्ही नॉर्मल आले आणि पॅनिक अटॅकचं निदान झालं. तेव्हापासून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू आहे आणि बराच फरक होता.

आता दहा-बारा दिवस झाले, परत छाती आवळते म्हणतात. गेल्या सोमवारी ग्राफ काढला, तोही नॉर्मल. कारखान्यात माणसं कमी करणार अशी चर्चा आहे, म्हणून ताईला वाटतं टेन्शनच असणार. दाजींना तर दवाखान्याचं नावच नको झालंय, "परत जाऊन परत नॉर्मल निघालं तर लोक काय म्हणतील" म्हणतात. तंबाखू खातात. साखर बॉर्डरवर आहे असं मागे सांगितलं होतं. त्यांचे वडील ५४ व्या वर्षी हृदयविकाराने गेले.

टेन्शनने छाती आवळणं आणि हृदयामुळे आवळणं, यातला फरक घरी कसा ओळखायचा?

तालमीतला_गडी (सकाळी १०:४१)

ताई, सोपं आहे बघा. दुखतंय तिथं एका बोटानं दाखवता आलं तर हार्टचं न्हाई. डाव्या हातात कळ गेली तरच हार्ट. आणि थंड सोडा नाहीतर इनो द्या, ढेकर येऊन मोकळं वाटलं म्हणजे गॅस. दोन-दोन ग्राफ नॉर्मल आल्यावर कशाला घाबरताय? एवढं टेन्शन घेऊ नका.

कॅज्युअल्टी_ड्यूटी (सकाळी ११:०५)

गडी, तुमची पहिली खूण अर्धी बरोबर आहे. एका बोटाने दाखवता येणारं, दाबलं की दुखणारं, कूस बदलली की बदलणारं दुखणं बहुतेक वेळा बरगड्यांचं किंवा स्नायूंचं असतं. बहुतेक वेळा, नेहमी नाही. बाकीच्या दोन खुणांवर मात्र भरवसा ठेवू नका. हृदयाची कळ उजव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, दोन खांद्यांच्या मध्ये किंवा नुसती पोटाच्या वरच्या खळगीत येऊ शकते. काहींना, विशेषतः बायकांना आणि साखर असलेल्यांना, कळ येतच नाही. दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं, एवढंच. आणि इनो घेतल्यावर बरं वाटलं यावरून काहीच ठरत नाही, कारण हृदयाची कळही विश्रांतीने पाच मिनिटांत जाऊ शकते आणि इनो पिताना माणूस बसलेलाच असतो. श्रेय मात्र इनोला मिळतं.

सुनंदाताई, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची माहिती अजून आलेली नाही. दाजींना विचारून चार गोष्टी लिहा. हे आवळणं नेमकं काय करताना सुरू होतं? किती मिनिटं टिकतं? कशाने थांबतं? आणि दोन वर्षांपूर्वीचं आवळणं आणि आत्ताचं, दोन्ही त्यांना अगदी एकसारखं वाटतं का? शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. "छातीत दुखतं का" असं विचारू नका. हृदयाच्या त्रासाला पुष्कळ जण दुखणं म्हणतच नाहीत, जड झालंय, भरून आलंय, दगड ठेवलाय असं म्हणतात.

उचगावकर_सुनंदा (दुपारी १:३०)

विचारलं. त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"रात्रीचं ते वेगळं होतं. ते काही न करता यायचं, काळीज धडधडायचं, हातपाय कापायचे, मुंग्या यायच्या, अर्ध्या तासात निवायचं. तसं आता महिन्यातून एखाद वेळी होतं. हे नवीन आहे. रंकाळ्याची फेरी निम्मी झाली की छातीवर मधोमध कोणीतरी पाय दिल्यासारखं वाटतं. उभा राहिलो की तीन-चार मिनिटांत जातं. परत चालू लागलो की परत. आधी निम्म्या फेरीला यायचं, आता सुरुवातीलाच येतं. दुसऱ्या मजल्याचा जिना चढताना पण येतं. रविवारी तांबडा-पांढरा जेवून लगेच जिना चढलो तेव्हा जास्त आलं, म्हणून पित्त वाटलं."

हात दाखवताना त्यांनी मूठ वळून छातीच्या मध्यावर ठेवली.

कॅज्युअल्टी_ड्यूटी (दुपारी २:१०)

त्यांचं उत्तर दोनदा वाचा. आपण एकच त्रास समजत होतो, त्यांनी दोन सांगितलेत. एकाच माणसाला दोन वेगळे त्रास असू शकतात आणि जुन्याच्या आड नवा लपतो.

पहिला, रात्रीचा, पॅनिकशी जुळतो. कारण नसताना येतो, दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि हळूहळू ओसरतो. मुंग्यांचं कारणही सरळ आहे. भीतीने श्वास जलद आणि खोल होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटं आणि ओठ बधिर होतात, चक्कर आल्यासारखं वाटतं. छातीचे स्नायू ताणले जाऊन नंतर तासभर ठणकतात. दोन वर्षं त्याच चालीने, कष्टाशी संबंध न ठेवता येणारा त्रास हृदयाचा असण्याची शक्यता कमी.

दुसऱ्याला कष्टाशी जोडलेली घड्याळासारखी चाल आहे. चाललं की येतो, थांबलं की पाचेक मिनिटांत जातो, जेवल्यानंतर जास्त होतो. जेवल्यावर पोटाकडे रक्त जास्त लागतं, त्यात जिना चढला की हृदयाची मागणी वाढते आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिनीला ती पुरवता येत नाही. टेन्शन जिन्याच्या पायऱ्या मोजत नाही. ते खुर्चीतही येतं, आणि पुष्कळदा माणूस चालायला लागला की कमीच होतं.

याहून जास्त काळजी मला वेगाची वाटते. दहा-बारा दिवसांत नव्याने सुरू झालं आणि आता कमी कष्टाला येतंय. अशा वाढत्या त्रासाला आठवड्याभराची अपॉइंटमेंट चालत नाही. आज किंवा उद्या सकाळीच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर रंकाळ्याची फेरी बंद, जिना बंद, रात्रपाळी बंद. आणि बसल्या जागी किंवा झोपेत छाती आवळली, त्याबरोबर गार घाम, उलटी, दम किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उद्याची वाट न पाहता १०८.

ग्राफवाली (दुपारी २:३५)

सोमवारच्या नॉर्मल ग्राफबद्दल. ग्राफ म्हणजे साधारण दहा सेकंदांचा पुरावा असतो. दाजींना त्रास चालताना होतो, ग्राफ काढला पलंगावर पडून, त्रास नसताना. अशा वेळी तो नॉर्मल येणं अगदी स्वाभाविक आहे, त्यातून रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असं कळत नाही. कळ चालू असताना काढलेल्या ग्राफला खरी किंमत. टूडी इकोचंही तेच, हृदयाला मार बसलेला नसेल तर विश्रांतीत पंप छान दिसतो.

दोन गोष्टी जरूर करा. दोन वर्षांपूर्वीचा आणि सोमवारचा, दोन्ही ग्राफ बरोबर न्या. मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण तो कागद उष्णतेने छापलेला असतो, काही महिन्यांत पुसट होतो. छोटासा बदल जुन्याशेजारी ठेवल्यावरच नजरेत येतो. आणि दवाखान्यात पोचल्यावर पुन्हा आवळलं तर लगेच तोंडाने सांगा, "आत्ता होतंय, आत्ता ग्राफ काढा." पेशंट बिचारे थांबेल म्हणून गप्प बसतात आणि नेमका तोच पुरावा हातून जातो.

स्मार्ट घड्याळातल्या ग्राफवर विसंबू नका. ते ठोक्यांची लय दाखवतं, रक्तवाहिनीतला अडथळा नाही.

योगसाधना_राजारामपुरी (दुपारी ३:१५)

पॅनिकच्या गोळ्या कमी करायच्या असतील तर प्राणायामासारखा उपाय नाही. सकाळी उपाशीपोटी भस्त्रिका ५ मिनिटं, कपालभाती १५ मिनिटं, मग कुंभक. महिन्याभरात छाती मोकळी होते. औषधांची सवय लावून घेऊ नका.

मनोविकार_ओपीडी (दुपारी ३:५०)

योगसाधना, गोळ्या कमी करायचा प्रश्न सुनंदाताईंनी विचारलेलाच नाही. आणि तुम्ही सांगितलेलं या माणसाला आज देऊ नका. हृदयाची तपासणी बाकी असताना जोराचा श्वास आणि श्वास रोखणं टाळायचं असतं. पॅनिकमध्येही जोरजोराने श्वास घेण्यानेच मुंग्या वाढतात. तिथे उपयोगी पडतो तो सावकाश श्वास: नाकाने ४ सेकंद आत, ६ सेकंद बाहेर, पोट हललं पाहिजे, खांदे नाही. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय तर करूच नका. त्रास खरंच हृदयाचा निघाला तर पिशवीतला प्राणवायू कमी पडून नुकसान होतं. एस्सिटालोप्रामही स्वतःहून एकदम बंद करू नका. त्यानेच चक्कर, बेचैनी, धडधड सुरू होते आणि मग कुठला त्रास कशाचा हे कुणालाच कळत नाही.

एक मुद्दा मला माझ्या बाजूने सांगायलाच हवा. पॅनिकचं निदान म्हणजे पुढच्या छातीच्या त्रासाला दिलेली सूट नाही. निदान त्या वेळच्या त्रासाचं होतं. "आता मरणार" ही भीतीसुद्धा दोन्हीकडे येते, त्यामुळे भीती किती वाटली यावरून ठरवू नका. माझ्या पेशंटच्या घरच्यांना मी एकच प्रश्न विचारायला शिकवतो: हे नेहमीसारखंच आहे का? "नाही, हे वेगळं आहे" असं उत्तर आलं तर जुनं निदान बाजूला ठेवायचं. दाजींनी ते स्वतःहून सांगितलंय, त्यांच्यावर विश्वास ठेवा.

तालमीतला_गडी (दुपारी ४:०५)

बरोबर आहे, मूठ ठेवून दाखवलं म्हणजे बोटवाला हिशेब उलटा पडला. पण एक विचारतो, जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घरात ठेवली तर काय वाईट? गोळी ठेवली आणि बरं वाटलं तर हार्ट, नाही वाटलं तर टेन्शन. पटकन कळेल की.

शाहूपुरी_फार्मासिस्ट (दुपारी ४:३०)

पटकन कळत नाही, हीच तर अडचण आहे. त्या गोळीने अन्ननलिकेचा आकडीसारखा त्रासही कमी होतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात पुष्कळदा बरं वाटत नाही. म्हणजे दोन्हीकडे फसवणूक. शिवाय ती बीपी एकदम पाडते. आधीच बीपी कमी असेल, हृदयाच्या उजव्या बाजूला झटका असेल किंवा माणसाने लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी गोळी एक-दोन दिवसांत घेतली असेल (आणि ती घरात कुणी सांगत नाही), तर माणूस जागीच कोसळू शकतो. ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलीय, त्याने बसून, सांगितल्याप्रमाणे घ्यावी. परस्पर विकत आणून ठेवू नये.

अ‍ॅस्पिरिनचं वेगळं आहे, पण दुकानात त्याचाही घोटाळा होतो. लोक "डोकेदुखीची गोळी" मागतात आणि पॅरासिटामॉल घेऊन जातात. त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. आयबुप्रोफेन तर घेऊच नये.

उचगावकर_सुनंदा (रात्री ८:१५)

उद्या सकाळी ११ ची वेळ मिळाली आहे. पण आत्ता एक झालं. पावणेआठला दाजी टीव्ही बघत बसले होते, बसल्या बसल्याच तसं आवळलं. दहा-पंधरा मिनिटं होतं. शर्ट घामाने ओला झाला, हात गार पडले. मुंग्या नव्हत्या, धडधडही नव्हती म्हणतात. आता पूर्ण बरं आहे, जेवायला वाढा म्हणतायत. उद्याची वेळ आहेच, थांबू का?

कॅज्युअल्टी_ड्यूटी (रात्री ८:१८)

थांबू नका. आत्ता निघा.

१०८ ला फोन करा. "४७ वर्षांचा पुरुष, बसल्या जागी छाती आवळली, घाम आला" एवढंच सांगा आणि पत्ता. जेवण नको, जिना उतरायचा असेल तर खुर्चीत बसवून उतरवा, अंघोळ-कपडे यात वेळ नको. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटातून रक्त जाण्याचा त्रास नसेल आणि पाठीत फाडल्यासारखी कळ नसेल तर अ‍ॅस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला द्या. घरात ७५ ची असेल तर चार गोळ्या, त्याही चावूनच, कारण वरच्या आवरणाने अख्खी गोळी विरघळायला वेळ घेते.

कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य "त्यांना टेन्शनचा त्रास आहे" हे नको. "दहा दिवस चालताना छाती आवळते, वाढत चाललंय, आज बसल्या जागी पंधरा मिनिटं आलं, घाम आला" असं सांगा. पॅनिक आणि चालू गोळ्या त्यानंतर सांगा, लपवू नका. पोचल्यापासून दहा मिनिटांत ग्राफ निघायला हवा. नसेल निघाला तर विचारा.

उचगावकर_सुनंदा (रात्री ८:२२)

फोन लावला. निघतोय.

राधानगरी_रोड (रात्री ९:००)

माझं मत थोडं वेगळं आहे. गाडी दारात असेल आणि दसरा चौकातलं रुग्णालय वीस मिनिटांवर असेल तर अँब्युलन्सची वाट कशाला बघायची? आमच्या बाजूला वाट बघण्यातच वेळ जातो.

कॅज्युअल्टी_ड्यूटी (रात्री ९:२५)

याचं एकच उत्तर सगळीकडे लागू होणार नाही. अँब्युलन्सचा मुख्य फायदा वेगाचा नाही. वाटेत हृदय थांबलं तर शॉक द्यायचं यंत्र आणि ते वापरणारा माणूस तिथे असतो. झटक्याच्या पहिल्या तासाभरात हा धोका सगळ्यात जास्त. उचगावात मी १०८ च म्हणेन. दुर्गम वाडीवर अँब्युलन्सला पाऊण तास लागणार असं फोनवर कळलं, तर गाडी काढावी, मात्र पेशंटने स्वतः चालवायची नाही, मोटारसायकलवर मधे बसवायचं नाही, आणि मागे एक माणूस छाती दाबता येणारा हवा. वाटेत १०८ ची गाडी येऊन भेटेल का हेही त्याच फोनवर विचारावं. नुसतं जवळचं नव्हे, चोवीस तास ग्राफ काढणारं आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देणारं रुग्णालय कुठलं, हे आधी माहीत हवं. रात्री दोनला शोधायला सुरुवात झाली की दोन दवाखाने हिंडण्यात तास जातो.

राधानगरी_रोड (रात्री ९:४०)

पटतंय, पण पावसाळ्यात झाड पडून रस्ता बंद असतो तेव्हा यातलं काय जमेल, ते मला अजून दिसत नाही.

उचगावकर_सुनंदा (दुसऱ्या दिवशी दुपारी १२:५०)

दाजी आयसीयूत आहेत, बोलतायत. रात्रीचा पहिला ग्राफ नॉर्मल होता आणि ताई लगेच म्हणाली, "बघ, मी सांगत होते." डॉक्टरांनी घरी सोडलं नाही. तासाभराने परत थोडं आवळलं, दाजींनी सांगितलं, तेव्हा काढलेल्या ग्राफमध्ये बदल दिसला आणि आवळणं गेल्यावर तो बदलही गेला. ट्रोपोनिनची रक्त तपासणी दोनदा केली, दोन्ही निगेटिव्ह. उद्या अँजिओग्राफी आहे. ताई विचारतेय, ट्रोपोनिन निगेटिव्ह असेल तर अँजिओग्राफी कशाला?

कॅज्युअल्टी_ड्यूटी (दुपारी १:३०)

ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येतं. निगेटिव्ह म्हणजे स्नायू अजून वाचलाय, ही चांगली बातमी. पण कळ चालू असताना बदललेला ग्राफ सांगतो की रक्तपुरवठा कमी पडतोय. इजा व्हायच्या आधी अडथळा कुठे आणि किती आहे ते बघायचं, म्हणून अँजिओग्राफी. ती तपासणी दोनदा का केली तेही ताईंना सांगा: ते रक्तात वाढायला काही तास लागतात, पहिली लवकर घेतलेली असली तर फसवते.

रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत असेल तर अँजिओप्लास्टी त्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्रांना आजच विचारा.

मनोविकार_ओपीडी (दुपारी २:०५)

आयसीयूतल्या डॉक्टरांना एस्सिटालोप्राम चालू असल्याचं सांगितलंय ना? रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर रक्तस्रावाचा धोका थोडा वाढतो, त्यांना ते माहीत हवं. बंद करायची की चालू ठेवायची ते त्यांनी ठरवावं, घरी परस्पर नको.

उचगावकर_सुनंदा (दुपारी २:४०)

सांगितलं, चालू ठेवलीय. दाजींचा एक प्रश्न आहे. घरी आल्यावर रात्री परत ते जुनं धडधडणारं, मुंग्यांवालं झालं, तर दर वेळी इथे यायचं का?

मनोविकार_ओपीडी (दुपारी ३:१०)

पहिले काही महिने त्यांना स्वतःलाही फरक सांगणं अवघड जाईल, कारण आता भीतीला खरं कारण मिळालंय. अँजिओग्राफीचा निकाल आल्यावर हृदयरोगतज्ज्ञांकडून किती मिनिटं थांबायचं आणि कधी निघायचं हे आकड्यांत लिहून घ्या. तोवर बसल्या जागचं आवळणं सावकाश श्वास घेऊनही पाच मिनिटांत उतरलं नाही, किंवा घाम आला, तर यायचंच. मुंग्या असल्या तरी.

तालमीतला_गडी (दुपारी ३:२५)

ताई, रक्त लागलं, रात्री जागायला माणूस लागला तर सांगा. तालमीतली चार पोरं पाठवतो.